सायकल चालवताना लिंग बधीर होतंय? मऊ सीट कव्हर घ्यायच्या आधी हे वाचा

दुकानात येऊन बरेच जण आधी टायरबद्दल, मग चेनबद्दल बोलतात आणि जाता जाता हळूच विचारतात, "जरा मऊ सीट दाखवा ना, किंवा ते जेलचं कव्हर आहे का". दोन प्रश्न जास्त विचारले की खरी गोष्ट कळते. तासभर चालवलं की लिंग बधीर होतं, हात लावला तरी समजत नाही, कधी मुंग्या येतात, आणि उतरल्यावर पाच-दहा मिनिटांनी सगळं नॉर्मल. हे इतक्या जणांना होतं की काउंटरवर सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा बोलण्यापेक्षा लिहून दिलेलं बरं, घरी निवांत वाचा. यात लाजण्यासारखं काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

सगळ्यात आधी ती चूक सांगतो जिच्यात आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. सीट टोचते म्हणून तिच्यावर जेलचं जाड कव्हर चढवायचं. पहिल्या दिवशी बरं वाटतं, कारण बुडाला टोचत नाही. पण आपण नीट बसतो तेव्हा वजन बुडाच्या दोन हाडांवर असतं, आणि जाड मऊ गादीत ती हाडं खाली रुततात आणि मधला भाग वर फुगून येतो. हा वर आलेला भाग नेमका वृषण आणि शौचाची जागा यांच्या मधल्या पट्ट्यावर दाबतो. म्हणजे बुड सुखी आणि पुढचं बधीर. लोक मग म्हणतात कव्हर पातळ होतं, अजून जाड द्या, आणि त्रास अजून वाढतो. आम्ही ही कव्हरं ठेवत नाही ती याच कारणाने, विकली असती तर सोपं पडलं असतं कारण मागणी रोजची आहे.

त्या मधल्या पट्ट्यात काय आहे ते थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटेल. माकडहाडाच्या वरून, कण्याच्या अगदी खालच्या टोकातून प्युडेन्डल नावाची नस निघते, बुडाच्या हाडाच्या आतल्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून पुढे येते आणि तिचीच एक फांदी लिंगाच्या वरच्या बाजूने टोकापर्यंत जाते. स्पर्श, गार-गरम, सगळं त्या फांदीतून कळतं. लिंगाला रक्त देणारी धमनीसुद्धा तिच्याच सोबत, त्याच वाटेने येते. म्हणून सीटचं टोक तिथे रुतलं की नस आणि रक्त दोन्ही एकदम दाबले जातात, पाय दुमडून बसल्यावर पाय झोपतो तसंच. जर्मनीत कोलोनला डॉक्टरांनी २००२ च्या आसपास वेगवेगळ्या सीटवर लोकांना बसवून लिंगाच्या त्वचेतला ऑक्सिजन मोजला होता. अरुंद पण भरपूर गादी असलेल्या सीटवर तो साधारण ८० टक्क्यांनी पडला आणि रुंद, पुढे टोक नसलेल्या सीटवर साधारण २० टक्क्यांनी. गादी कमी होती तरी रुंदीने काम केलं, हे लक्षात ठेवा. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिनटोकाची सीट दिली होती, तो अभ्यास २००८ मध्ये आला. आधी २७ टक्के पोलीस म्हणत होते की आम्हाला बधिरपणा येत नाही, सहा महिन्यांनी ८२ टक्के तसं म्हणाले.

बिनटोकाची सीट सगळ्यांनी घ्या असं आम्ही म्हणत नाही. टोकामुळे सायकल मांड्यांनी सांभाळता येते, गर्दीत आणि घाटात ते लागतं. बहुतेकांचं काम रुंदी, कोन आणि हॅन्डल नीट केल्यावरच होतं. मधे खाच असलेली सीट पण सगळ्यांना सूट होत नाही, खाच अरुंद असेल तर तिच्या कडाच दाबतात, म्हणून आम्ही सीट वापरून बघायला देतो, डिपॉझिट ठेवा, दोन आठवडे चालवा, नाही पटली तर परत.

एक उदाहरण सांगतो, नाव अर्थातच नाही. पुण्यातले एक गृहस्थ, वय पंचेचाळीसच्या पुढे, आयटीत, नवीन रोड बाईक घेतलेली, रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे. वीसेक किलोमीटर झाले की बधीर. सीटवर जेल कव्हर होतंच. ते काढलं आणि लेव्हल लावली तर सीटचं टोक चार डिग्री वर, कारण कुणीतरी सांगितलं होतं की मग पुढे घसरत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसवून हाडांच्या ठशांमधलं अंतर मोजलं, १२८ मिलिमीटर भरलं, आणि सीटची पूर्ण रुंदी १३० म्हणजे दोन्ही हाडं कडेवर लटकत होती आणि वजन मधे. शिवाय हॅन्डल इतकं लांब की ते गाठायला कंबर पुढे वळायची आणि वजन अजून पुढच्या नाजूक भागावर यायचं. सीट १५५ ची दिली, टोक सपाट केलं, सीट बारा मिलिमीटर खाली घेतली कारण पेडल मारताना कंबर डावी-उजवी हलत होती, आणि हॅन्डल पुढे धरणारा स्टेम ११० मिलिमीटरचा काढून ८० चा टाकला. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभं राहायला सांगितलं. उभं राहिलं की दाब पूर्ण सुटतो आणि रक्त पुन्हा वाहतं, हा फुकटचा उपाय आहे आणि लोक नेमका हाच विसरतात. पावसाळ्यात घरी ट्रेनरवर, म्हणजे स्टँडवर जागच्या जागी चालवणाऱ्यांना तर जास्तच सांगतो, रस्त्यावर खड्डा आला की आपण आपोआप उठतो, ट्रेनरवर तासभर कुणी उठत नाही.

तर त्यांचा सायकलवरचा बधिरपणा गेला. पण महिन्याभराने आले आणि म्हणाले, सायकल न चालवलेल्या दिवशीसुद्धा लिंगाच्या टोकाला कमी समजतं आणि पायाच्या बोटांनाही मुंग्या आहेत. इथे आमचं काम संपतं. आम्ही आणखी एक सीट विकली नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तात शुगर वाढलेली निघाली, तीन महिन्यांची सरासरी ८ च्या वर, ६.५ पासून डायबिटीस धरतात, आणि बी-१२ पण कमी. शुगरमुळे सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात म्हणून पायाची बोटं, आणि तीच गोष्ट लिंगाच्या नसेचीही होऊ शकते.

म्हणून आम्ही काही प्रश्न विचारतो ते आगाऊपणा समजू नका. उतरल्यावर बधिरपणा किती वेळ राहतो? काही मिनिटांत किंवा फार तर तासा-दोन तासांत गेला तर बहुतेक सीटचाच. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर सायकल बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. सायकलचा संबंधच नसेल तर सीट बदलून पैसे घालवू नका. शुगर, बी-१२ ची कमतरता (शाकाहारी लोकांत आणि डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत जास्त), दारू, कमरेची गादी सरकणं, पोटाखालची ऑपरेशनं, नैराश्याच्या काही गोळ्या, ही सगळी कारणं असू शकतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. आणि मेडिकलमधून वेळ वाढवायचा स्प्रे घेत असाल तर तो डॉक्टरांना सांगा, त्यात बहुतेक वेळा बधीर करणारंच औषध असतं.

नस आणि रक्त यातला फरक पण सांगतो. स्पर्श कळत नाही, मुंग्या येतात, जळजळ होते, हे नसेकडे बोट दाखवतं. स्पर्श ठीक आहे पण ताठरता महिन्या-महिन्याने कमी होत चालली, सकाळी उठल्यावरचीही गेली, सिगारेट, बीपी किंवा शुगर आहे, तर रक्तवाहिन्यांकडे बघावं लागतं, आणि ते लवकर बघावं कारण लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात आणि चरबी साचल्याची खूण तिथे आधी दिसू शकते. बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र असतात.

डॉक्टर काय करतात याची भीती वाटून लोक वर्षभर थांबतात म्हणून तेही लिहितो. आधी गप्पाच असतात, कधीपासून, फक्त टोकाला की सगळ्या भागात, लघवी-शौचाचं काय, कोणत्या गोळ्या. मग कापसाने, बोथट पिनने आणि गार वस्तूने स्पर्श बघतात, कंप पावणारा चिमटा टेकवून कंपन कळतं का विचारतात, कुठे कुठे त्याचं यंत्र असतं ज्यात कंपन हळूहळू वाढवतात आणि कधी कळलं ते सांगायचं. लिंगाचं टोक हलकं दाबून गुदद्वाराचा स्नायू आकसतो का ते बघतात, ही तपासणी विचित्र वाटते पण अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिच्यावरून कण्यापर्यंत जाणारी नसेची वाट चालू आहे का याचा अंदाज येतो. पायांची संवेदना, घोट्यामागे हातोडीने हलकं मारल्यावर येणारे झटके, पायाच्या नाड्या बघतात. रक्तात शुगर, बी-१२, कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि गरज वाटली तर टेस्टोस्टेरॉन, हे शेवटचं सकाळी द्यायचं असतं कारण दिवसभरात ते उतरतं.

रक्ताचा संशय असेल तरच डॉप्लर करतात. लिंगात बारीक सुईने औषध देऊन ताठरता आणतात आणि सोनोग्राफीने धमनीतला रक्ताचा वेग मोजतात, सेकंदाला २५ सेंटीमीटरपेक्षा कमी आला तर धमनी कमी पडतेय असं धरतात. औषध न देता नुसती सोनोग्राफी केली तर फारसं काही कळत नाही. घरी गेल्यावर ताठरता चार तासांपेक्षा जास्त राहिली तर लगेच हॉस्पिटल. कमरेचा एमआरआय सगळ्यांना लागत नाही, पाय दुखत असेल किंवा झटके कमी आले असतील तर सांगतात.

आणि हे नीट वाचा. लिंगासोबत गुदद्वाराभोवती आणि मांड्यांच्या आत बधीर झालं, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, पायात जोर नाही, कमरेत अचानक दुखतंय, तर दुकानात नको, ओपीडीची अपॉइंटमेंटही नको, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. कण्याच्या खालच्या नसांवर दाब आलेला असू शकतो आणि तिथे तासांचा फरक पडतो.

फिटिंगला येताना सायकल, नेहमीची शॉर्ट्स आणि नेहमीचे बूट आणा, जीन्सवर केलेलं माप चुकतं. दीड तास लागतो, घाई केली तर परत यावं लागतं म्हणून आम्ही एका वेळी एकालाच घेतो. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर फोनवर फक्त "सीटचं माप" म्हणा, आम्हाला कळतं, आत वेगळी खोली आहे. फिटिंगनंतर महिनाभरात काही कमी-जास्त करायचं असेल तर त्याचे पैसे घेत नाही. जेल कव्हर असेल तर तेही लावूनच आणा, काढण्याआधी आणि काढल्यानंतर तुम्हालाच बसवून फरक दाखवतो.