नेट रन रेट की सामन्यागणिक सरासरी? गुण सारखे झाले की होणारी गफलत

आमच्या खानदेशात कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की मोकळ्या शेतात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. अशा स्पर्धांत मी स्कोअरबुक सांभाळतो. साखळीचा शेवटचा सामना संपतो, दोन संघांचे गुण सारखे निघतात आणि टेबलाभोवती गर्दी जमते. कुणीतरी मोबाइलवर प्रत्येक सामन्यातला रन रेटचा फरक काढलेला असतो. ते तीन आकडे मिळवून त्याने तीनने भागलेलं असतं. "आमचा नेट रन रेट जास्त आहे भो," म्हणत तो मोबाइल माझ्यासमोर धरतो. त्याची बेरीज बरोबर असते, भागाकारही बरोबर असतो. पण त्याने काढलेला आकडा नेट रन रेट नसतो.

त्याने काढलेली असते सामन्यागणिक फरकांची सरासरी. नेट रन रेट काढताना सामने वेगवेगळे धरतच नाहीत. संघाने साखळीत मिळून किती धावा केल्या आणि त्यासाठी किती षटकं खेळली, हा एक भागाकार. समोरच्यांनी मिळून त्यांच्याविरुद्ध किती धावा केल्या आणि किती षटकांत, हा दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा केला की नेट रन रेट मिळतो. म्हणजे संघ तीन सामने खेळो की नऊ, भागाकार दोनच.

हा फरक कागदी वाटेल, म्हणून एक उदाहरण करून बघू. आकडे मी मनाने घेतले आहेत, गावांची नावं फक्त ओळखीसाठी. दहा-दहा षटकांचे सामने, एका गटात चार संघ: अमळनेर, पारोळा, धरणगाव आणि एरंडोल. गटातून एकच संघ फायनलला जाणार.

अमळनेरने धरणगावला ७ षटकांत ४० धावांवर सर्वबाद केलं आणि ४ षटकांतच ४१ धावा करून सामना खिशात घातला. दुसऱ्या सामन्यात त्यांनी पारोळ्याविरुद्ध १० षटकांत ८८ केल्या, पारोळ्याच्या पूर्ण १० षटकांत ८० झाल्या. तिसऱ्या सामन्यात एरंडोलने १०० केल्या, अमळनेरची गाडी १० षटकांत ७० वर थांबली. दोन विजय, चार गुण.

पारोळ्याचा अमळनेरविरुद्धचा पराभव आला आहेच. बाकी दोन सामने त्यांनी पहिली बॅटिंग करून जिंकले: धरणगावविरुद्ध ९५ विरुद्ध ६५ आणि एरंडोलविरुद्ध ९० विरुद्ध ७५. चारही डाव पूर्ण दहा षटकांचे. त्यांचेही दोन विजय, चार गुण. धरणगाव-एरंडोल सामना धरणगावने जिंकला असं धरू, म्हणजे चार गुणांवर हे दोघेच.

आधी मोबाइलवाल्याच्या पद्धतीने जाऊ. अमळनेरचा पहिल्या सामन्यातला वेग षटकामागे १०.२५, धरणगावचा ४, कारण सर्वबाद संघाची पूर्ण १० षटकं धरतात. फरक झाला अधिक ६.२५. दुसऱ्या सामन्यात अधिक ०.८, तिसऱ्यात उणे ३. बेरीज ४.०५, सरासरी १.३५. पारोळ्याचे फरक अधिक ३, अधिक १.५ आणि उणे ०.८. बेरीज ३.७, सरासरी १.२३३. या हिशोबाने अमळनेर फायनलला.

आता खरा नेट रन रेट. अमळनेरच्या एकूण धावा ४१, ८८ आणि ७० मिळून १९९. त्यासाठी ते खेळले ४, १० आणि १०, म्हणजे २४ षटकं. वेग ८.२९२. त्यांच्याविरुद्ध झाल्या ४०, ८० आणि १००, म्हणजे २२० धावा, ३० षटकांत. वेग ७.३३३. वजाबाकी अधिक ०.९५८. पारोळ्याच्या ३० षटकांत २६५ धावा, वेग ८.८३३. त्यांच्याविरुद्ध ३० षटकांत २२८, वेग ७.६. वजाबाकी अधिक १.२३३. फायनलला जाणार पारोळा.

त्याच धावा, तीच षटकं, पण संघ बदलला. यामागचं कारण शेतकऱ्याच्या पोराला समजायला अवघड नाही. समजा तुम्ही चार क्विंटल कापूस ८,००० च्या भावाने विकला आणि नंतर दहा क्विंटल ७,००० ने. तुम्हाला सरासरी भाव किती पडला? ७,५०० म्हणाल तर घरचे हिशोब तपासायला बसतील. हातात आले १,०२,००० रुपये, माल चौदा क्विंटल, भाव पडला ७,२८६ च्या आसपास. जास्त भाव मिळालेला माल कमी होता, म्हणून सरासरी खालच्या भावाकडे झुकली. अमळनेरचा १०.२५ चा वेग हा असाच चार क्विंटलचा भाव आहे. सामन्यागणिक सरासरी त्या चार षटकांना दहा षटकांइतकंच वजन देते. नेट रन रेट त्यांना चार षटकांचंच वजन देतो.

पारोळ्याचा आकडा मात्र दोन्ही पद्धतींनी १.२३३ च आला, हे लक्षात आलं असेल. सगळे डाव पूर्ण षटकांचे असले की दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळतात, आणि ही चूक वर्षानुवर्षं टिकते ती त्यामुळेच. लोकांनी कधीतरी ताडून पाहिलेलं असतं, आकडा जुळलेला असतो, म्हणून पद्धतीवर विश्वास बसलेला असतो. एखादा पाठलाग लवकर संपला की जुळणं थांबतं. तेव्हा आपलं चुकलंय असं कुणाला वाटत नाही, स्कोअरर पक्षपाती वाटतो.

दुसरी गफलत सर्वबादची. वरच्या हिशोबात धरणगाव ७ षटकांत बाद झालं, तरी मी त्यांची १० षटकं धरली. नियमच तसा आहे: संघ सर्वबाद झाला तर त्याच्या वाट्याची पूर्ण षटकं खेळली असं मानायचं, प्रत्यक्षात कितीही खेळला असो. स्कोअरबुकात डावाच्या शेवटी "७" लिहिलेलं दिसतं आणि घाईत तेच उचललं जातं. तसं केलं तर अमळनेरविरुद्धच्या २२० धावा २७ षटकांत धरल्या जातात, वेग ८.१४८ होतो आणि त्यांचा नेट रन रेट कोसळून अधिक ०.१४४ वर येतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला तीन षटकं आधीच गुंडाळल्याचं बक्षीस मिळायचं सोडून शिक्षाच मिळाली. म्हणून मी सर्वबाद डावाच्या षटकांभोवती लाल गोल करतो आणि शेजारी "१०" लिहून ठेवतो.

दशांशाचंही एक लक्षात ठेवायचं. स्कोअरबोर्डवरचं ४.३ म्हणजे चार षटकं तीन चेंडू, हिशोबात साडेचार. कॅल्क्युलेटरवर सरळ ४.३ टाकलं की उत्तर चुकतं. मी सगळे चेंडू मोजून शेवटी सहाने भागतो.

मोठ्या क्रिकेटमधलं उदाहरण २०१९ च्या विश्वचषकाचं. साखळीत न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ गुण झाले, विजयही सारखेच, पाच-पाच. पाकिस्तानने न्यूझीलंडला आपसातल्या सामन्यात हरवलंही होतं. तरी सेमीफायनलला गेलं न्यूझीलंड, कारण त्यांचा नेट रन रेट अधिक ०.१७५ होता आणि पाकिस्तानचा उणे ०.४३०. त्याचं मूळ पहिल्याच सामन्यात होतं. वेस्ट इंडीजने पाकिस्तानला २१.४ षटकांत १०५ वर सर्वबाद केलं आणि १३.४ षटकांत ३ बाद १०८ करून सामना संपवला. त्या १०५ धावा हिशोबात ५० षटकांवर पसरल्या, षटकामागे फक्त २.१. पुढे पाकिस्तानने चांगले सामने जिंकले, पण तो खड्डा भरला नाही.

आमच्या उदाहरणातही अमळनेरने पारोळ्याला हरवलेलं आहे आणि तरी ते बाहेर. पोरांना हे फार लागतं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. आधी आपसातला निकाल बघायचा की नेट रन रेट, हे स्पर्धेच्या नियमात पहिल्या चेंडूच्या आधी लिहिलेलं असावं. २०१९ मध्ये विजयांची संख्या सारखी असली की नेट रन रेटचाच क्रम होता, आपसातला निकाल त्याच्या मागे.

नेट रन रेटची एक खरी उणीवही सांगायला हवी. समजा अमळनेरने धरणगावविरुद्ध पहिली बॅटिंग केली असती, जवळपास त्याच वेगाने १० षटकांत १०२ केल्या असत्या आणि मग त्यांना ४० वर गुंडाळलं असतं. वर्चस्व तितकंच, पण ३० षटकांत २६० धावा होऊन नेट रन रेट अधिक १.३३३ झाला असता, पारोळ्याच्या पुढे. पाठलाग करणाऱ्याने सामना लवकर संपवला की त्याचा वेगवान खेळ थोड्याच षटकांचा राहतो. टॉस हरल्यामुळे नंतर बॅटिंग आलेल्या संघाला यावर इलाज नाही. हातात किती विकेट राहिल्या, हेही हा आकडा विचारत नाही.

पण एवढ्यावरून अमळनेरचा दोष टॉसवर ढकलता येणार नाही. एरंडोलविरुद्ध त्यांचा सामना हातातून गेला होता हे खरं, पण पारोळ्याचे तिन्ही सामने आधीच संपलेले असते, तर काय हवं हे कागदावर काढता आलं असतं. १.२३३ च्या वर जायला २४ षटकांत २०६ धावा लागतात. आधीच्या दोन सामन्यांत १२९ झालेल्या. म्हणजे एरंडोलविरुद्ध ७७ केल्या असत्या तर हरूनही नेट रन रेट अधिक १.२५ झाला असता आणि फायनल अमळनेरची. त्यांनी केल्या ७०. सामना गेलाच म्हणून शेवटच्या षटकात चेंडू अडवत बसलेल्या जोडीला कुणीतरी बाहेरून ओरडून सांगायला हवं होतं, की अजून सात धावा हव्यात.