स्टेपिंग स्टोन पद्धतीतील बंद लूप आणि प्रवेशी घराची निवड

कोणत्या पुरवठादाराकडून कोणत्या ठिकाणी किती माल कमीत कमी खर्चात पाठवायचा, ही वाहतूक समस्या. तिचे एखादे चालू शकणारे वाटप हाती आल्यावर ते आणखी स्वस्त करता येईल का, हे तपासण्याची एक रीत म्हणजे स्टेपिंग स्टोन पद्धत. अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर यांनी ती १९५४ मध्ये मांडली. किमान खर्च शोधण्याच्या सर्वसाधारण सिंप्लेक्स पद्धतीतील आकडेमोड वाहतुकीच्या कोष्टकावरच करून दाखवता यावी, हा त्यांचा हेतू होता. कोष्टकातील प्रत्येक रिकाम्या घरासाठी भरलेल्या घरांवरून जाणारा एक बंद लूप काढायचा, त्या लूपवरून एक नग वळवल्यास एकूण खर्च किती बदलेल ते मोजायचे, आणि ज्या घराचा बदल सर्वांत जास्त ऋण असेल ते घर वाटपात घ्यायचे, एवढाच तिचा गाभा आहे. लूप बरोबर निघाला की पुढे फक्त बेरीज-वजाबाकी उरते. चुका होतात त्या बहुतेक लूप काढतानाच.

पुढील उदाहरणात अ, ब, क हे तीन पुरवठादार आहेत आणि १, २, ३ ही मागणीची तीन ठिकाणे आहेत. घरातील आकडा एक नग पोचवण्याचा खर्च दाखवतो.

| | १ | २ | ३ | पुरवठा |
|---|---|---|---|---|
| अ | ९ | ८ | ७ | ७० |
| ब | ८ | ५ | ९ | ६० |
| क | ४ | ९ | १४ | १५ |
| मागणी | ४० | ५५ | ५० | १४५ |

डाव्या वरच्या घरापासून सुरू करून प्रत्येक घरात शक्य तितके नग भरत जाणाऱ्या वायव्य कोपरा पद्धतीने सुरुवातीचे वाटप असे येते: अ१ मध्ये ४०, अ२ मध्ये ३०, ब२ मध्ये २५, ब३ मध्ये ३५ आणि क३ मध्ये १५. एकूण खर्च १२५०. भरलेली घरे ५ आहेत, म्हणजे ओळी अधिक स्तंभ वजा एक. ही संख्या जुळणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. भरलेल्या घरांचा आपापसात कुठेही लूप बनता कामा नये. दोन्ही अटी पाळल्या असतील, तर प्रत्येक रिकाम्या घरासाठी लूप निघतोच, आणि तो एकच निघतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुरवठादार आणि मागणीची ठिकाणे यांना बिंदू मानले आणि प्रत्येक भरलेल्या घराला त्यांना जोडणारी रेषा मानली, तर या रेषांतून सगळे बिंदू जोडणारा एक वृक्ष, म्हणजे कुठेही चक्र नसलेली जोडणी, तयार होतो. वृक्षात एक नवी रेषा घातली की नेमके एकच चक्र तयार होते. म्हणून दोन जणांनी एकाच घरासाठी वेगवेगळे लूप काढले असतील, तर त्यांतला एक नक्की चुकला आहे.

लूप रिकाम्या घरापासून सुरू होतो. वाट आलटून पालटून आडवी आणि उभी जाते, प्रत्येक कोपऱ्यावर काटकोनात वळते, आणि सुरुवातीचे घर सोडले तर सगळे कोपरे भरलेल्या घरांतच असतात. कोपऱ्यांची संख्या नेहमी सम असते. लूप ज्या ओळीतून किंवा स्तंभातून जातो, तिथे त्याचे बरोबर दोन कोपरे असतात. वाटेत लागणारी घरे, मग ती भरलेली असोत वा रिकामी, ओलांडून पुढे जाता येते.

क१ हे रिकामे घर घेऊ. तिथून पहिल्या स्तंभात वर गेले की अ१ लागते. अ१ वरून आडवे अ२ ला, तिथून खाली ब२ ला, मग आडवे ब३ ला, खाली क३ ला, आणि शेवटी क ओळीतून रिकामे क२ ओलांडून परत क१ ला. हा सहा कोपऱ्यांचा लूप आहे. लूप म्हणजे चार कोपऱ्यांचा आयत, अशी सवय डोळ्याला पटकन लागते आणि असा लांबट लूप हातून निसटतो. कागदावर तो आयतासारखा दिसतही नाही.

आता सुरुवातीच्या घराला अधिक चिन्ह देऊन पुढच्या कोपऱ्यांना आळीपाळीने वजा आणि अधिक लावायचे. क१ मध्ये एक नग वाढवला तर पहिल्या स्तंभाची मागणी न बिघडण्यासाठी अ१ मधून एक कमी करावा लागतो. अ चा पुरवठा न बिघडण्यासाठी अ२ मध्ये एक वाढवावा लागतो, आणि अशी भरपाई क३ पर्यंत चालते. प्रत्येक ओळीत व स्तंभात एक अधिक आणि एक वजा असल्यामुळे पुरवठा आणि मागणी जशीच्या तशी राहते. खर्चातील बदल ४ − ९ + ८ − ५ + ९ − १४ = −७ येतो. म्हणजे क१ मध्ये पाठवलेला प्रत्येक नग एकूण खर्च ७ ने कमी करतो. क१ चा स्वतःचा खर्च ४ असला, तरी निर्णय त्या चारवर ठरत नाही, पूर्ण लूपच्या बेरजेवर ठरतो.

उरलेल्या तीन रिकाम्या घरांचे लूप चार कोपऱ्यांचे आहेत. अ३ साठी ७ − ८ + ५ − ९ = −५, ब१ साठी ८ − ९ + ८ − ५ = +२, आणि क२ साठी ९ − १४ + ९ − ५ = −१. सर्वांत जास्त ऋण बदल क१ चा, म्हणून ते प्रवेशी घर. इथे चिन्हाकडे लक्ष हवे. −७ हा −५ पेक्षा लहान आहे म्हणून तो निवडला जातो. फक्त अंक पाहून +७ सारखा बदल निवडला, तर खर्च वाढतो.

किती नग वळवायचे, हे वजा चिन्हाची घरे ठरवतात. क१ च्या लूपमध्ये अ१ मध्ये ४०, ब२ मध्ये २५ आणि क३ मध्ये १५ नग आहेत. त्यांतील सर्वांत लहान संख्या, म्हणजे १५, वळवायची. त्याहून जास्त वळवले तर क३ मध्ये ऋण नग येतील. अधिक चिन्हाच्या घरांतील आकडे इथे बघायचे नाहीत. ते मिसळले की पुढचे कोष्टक बिघडते. नवे वाटप अ१ २५, अ२ ४५, ब२ १०, ब३ ५०, क१ १५ असे होते. क३ रिकामे होते. खर्च १२५० − १५ × ७ = ११४५. प्रत्येक फेरीत घरांचे नग आणि दर गुणून एकूण खर्च पुन्हा काढावा. तो या वजाबाकीशी जुळला नाही, तर लूप किंवा चिन्हे यांपैकी काहीतरी चुकले आहे, हे तिथल्या तिथे कळते.

दुसऱ्या फेरीत अ३ चा बदल −५ आहे, ब१ चा +२, क२ चा +६ आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या क३ चा +७. बाहेर पडलेल्या घराचा बदल लगेच पुढच्या फेरीत आत आलेल्या घराच्या बदलाच्या नेमका उलट यायला हवा, हीसुद्धा एक सोपी पडताळणी आहे. अ३ आत येते. वजा घरे अ२ (४५) आणि ब३ (५०), म्हणून ४५ नग वळतात. खर्च ११४५ − २२५ = ९२० होतो आणि अ२ रिकामे होते.

तिसऱ्या फेरीत ब१ पुन्हा पाहू. पहिल्या दोन्ही फेऱ्यांत त्याचा बदल +२ होता, म्हणून त्याला कायमचे बाद समजण्याचा मोह होतो. पण आता त्याची वाट बदलली आहे. भरलेली घरे अ१ २५, अ३ ४५, ब२ ५५, ब३ ५, क१ १५ अशी आहेत. लूप ब१ वरून अ१ ला, अ१ वरून आडवा अ३ ला, मग खाली ब३ ला आणि परत ब१ ला जातो. ब३ वरून ब१ कडे येताना मधे ब२ हे भरलेले घर लागते. तिथे थांबून वळायचे नाही, ते ओलांडायचे. बदल ८ − ९ + ७ − ९ = −३. म्हणजे आधी खर्च वाढवणारे घर आता तो कमी करते. म्हणून प्रत्येक फेरीत सर्व रिकाम्या घरांचे लूप नव्याने काढावे लागतात. बाकी अ२, क२ आणि क३ यांचे बदल या फेरीत धन आहेत, तेव्हा ब१ आत येते. वजा घरे अ१ (२५) आणि ब३ (५), म्हणून ५ नग वळतात आणि खर्च ९०५ होतो.

नजरेने लूप सापडत नसेल तर खोडण्याची रीत वापरावी. याच फेरीत पाच भरलेली घरे आणि ब१ अशी सहा घरे खुणेने दाखवा. ज्या ओळीत किंवा स्तंभात एकच खूण आहे तिथे लूप वळू शकत नाही, म्हणून ती खूण खोडा. क ओळीत फक्त क१ आहे, ते गेले. दुसऱ्या स्तंभात फक्त ब२ आहे, तेही गेले. उरलेल्या अ१, अ३, ब१, ब३ यांचा प्रत्येक ओळीत व स्तंभात जोडीने मेळ बसतो, आणि तोच लूप. मोठ्या कोष्टकात ही रीत अंदाजाने शोधण्यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

शेवटच्या वाटपात अ१ २०, अ३ ५०, ब१ ५, ब२ ५५, क१ १५ नग आहेत. रिकाम्या अ२, ब३, क२, क३ यांचे बदल अनुक्रमे +२, +३, +८, +१२ येतात. एकही ऋण नाही, म्हणून ९०५ हाच किमान खर्च. एकही शून्य नाही, म्हणून एवढ्या खर्चात दुसरे वाटपही नाही. शून्य असते, तर त्या घराच्या लूपवरून तितक्याच खर्चाचे दुसरे वाटप काढता आले असते.

सर्वांत ऋण बदल निवडण्याचा नियम प्रत्येक नगामागची बचत पाहतो, एकूण बचत पाहत नाही. पहिल्या फेरीत क१ ने १५ × ७ = १०५ वाचवले; अ३ घेतले असते तर ३० नग वळून १५० वाचले असते. मग अ३ आधी घेणे चांगले होते का? तसे करून पाहिले तर खर्च ११०० होतो. पुढच्या फेरीत क१ चा बदल −१२ येऊन १५ नगांमागे १८० वाचतात, खर्च ९२० होतो, आणि तिथून ब१ मार्गे ९०५. म्हणजे दोन्ही वाटांनी तीनच फेऱ्या लागतात. कोणतेही ऋण घर घेतले तरी खर्च वाढत नाही, त्यामुळे हा नियम बरोबर उत्तरासाठी सक्तीचा नाही. तो निवडीची एक सोपी, ठरलेली रीत देतो; कमीत कमी फेऱ्यांची हमी देत नाही. दोन घरांचे सर्वांत ऋण बदल सारखे असले तर कोणतेही घ्यावे.

वजा घरांतील सर्वांत लहान संख्या दोन ठिकाणी सारखी असली, तर मात्र जपावे लागते. दोन्ही घरे एकदम रिकामी होतात आणि भरलेली घरे एकाने कमी पडतात. मग एखाद्या रिकाम्या घराचा लूपच सापडत नाही, आणि अवनत, म्हणजे भरलेली घरे कमी पडलेल्या, वाटपाची खूण बहुतेकदा अशीच पुढे येते. उपाय असा की त्या दोनपैकी एकच घर रिकामे मानायचे आणि दुसऱ्यात शून्य नग ठेवून ते भरलेले धरायचे. पुढे त्या शून्याच्या घराला एखाद्या लूपमध्ये वजा चिन्ह आले, तर शून्य नग वळतात, खर्च तसाच राहतो, फक्त घरांची अदलाबदल होते आणि त्यानंतर पुढची फेरी करायची.

रिकाम्या घरांची संख्या कोष्टकाबरोबर झपाट्याने वाढते. दहा ओळी आणि दहा स्तंभांच्या कोष्टकात दर फेरीला ८१ लूप काढावे लागतील. म्हणून मोठ्या समस्येत ओळी व स्तंभांना मोल देणारी मोडी पद्धत वापरतात; प्रत्येक भरलेल्या घरात ओळीचे आणि स्तंभाचे मोल मिळून त्या घराचा खर्च व्हावा, अशी ही मोले ठरतात. पहिल्या फेरीत ओळींना ०, −३, २ आणि स्तंभांना ९, ८, १२ ही मोले येतात, आणि क१ चा बदल ४ − (२ + ९) = −७ असा लूप न काढताच मिळतो. तिथे लूप फक्त एकाच घरासाठी काढायचा असतो, ते म्हणजे निवडलेले प्रवेशी घर.