पोटातलं बाळ नक्की काय ऐकतं?

सातवा महिना लागला की घरातलं कोणीतरी अभिमन्यूची गोष्ट काढतंच, मग गर्भसंस्काराचा क्लास, मोबाईलवर श्लोकांची प्लेलिस्ट, आणि जिला हे सगळं जमत नाही तिला उगाच अपराधी वाटत राहतं. मला त्या बाईसाठीच हे लिहायचंय.

बाळ ऐकतं हे खरं आहे. साधारण २५ व्या आठवड्याच्या आसपास ते आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं. पण पोट आणि गर्भजल यातून बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गाळले जातात, खालच्या पट्टीतले पोचतात. बंद दाराआडून शेजारचा टीव्ही ऐकू येतो ना, शब्द लागत नाहीत पण बोलण्याचा चढउतार कळतो, तसंच काहीसं. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनही आत जातो, म्हणून तो सगळ्यात ठळक.

मग त्याच्या लक्षात काय राहतं? १९८६ साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि स्पेन्स या दोन संशोधकांनी गरोदर बायकांना शेवटचे ६ आठवडे रोज दोनदा एकच गोष्ट मोठ्याने वाचायला लावली. बाळं जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांच्या तोंडात चोखणी दिली आणि कानाला हेडफोन. बाळ थोडं चोखतं, थांबतं, परत चोखतं. आधी प्रत्येकाची नेहमीची थांबायची वेळ मोजली, मग असं जुळवलं की काही बाळांना जास्त थांबलं तर ओळखीची गोष्ट ऐकू येईल, काहींना कमी थांबलं तर, आणि उलट केलं तर नवी गोष्ट लागेल. बाळांनी ओळखीच्या गोष्टीसाठी आपली चोखायची लय बदलली! वाचणारी दुसरी बाई असली तरीही. म्हणजे नुसता आईचा आवाज नाही, त्या गोष्टीची लयही ओळखीची झाली होती.

अर्थ नाही हां, लय. पोटात स्तोत्र ऐकून संस्कृत येत नाही आणि गणितही पक्कं होत नाही. मोझार्टने हुशारी वाढते हे जे सांगतात, तो १९९३ चा प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता, आणि परिणाम १०-१५ मिनिटंच टिकला, बाळांचा त्यात काही संबंधच नव्हता.

एक मात्र कळकळीने सांगते, पोटाला हेडफोन लावू नका. बाळ बहुतेक वेळ झोपलेलं असतं, आणि आवाज नको झाला तर त्याला बाजूला सरकता येत नाही. तुम्ही नेहमीसारखं बोलता, गुणगुणता तेवढं त्याला पुरतं.

आणि ही ओळखही टिकवावी लागते. हेपर या संशोधकाने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, ज्या बायका गरोदरपणात टीव्हीवरची एक मालिका रोज बघायच्या त्यांची २-४ दिवसांची बाळं तिचं शीर्षकसंगीत लागलं की हालचाल थांबवून ऐकायची. जन्मानंतर ते परत कानावर पडलं नाही तर २१ व्या दिवशी तीच बाळं त्याकडे लक्षही देत नव्हती.