तळ्याचा गाळ काढण्याबाबतचा अर्ज (कोकण)

तळ्याचा गाळ काढण्याबाबतचा अर्ज : गावातल्या तळ्यात साचलेला गाळ पावसाळ्यापूर्वी काढून मिळावा म्हणून शेतकऱ्याने ग्रामपंचायतीकडे केलेली लेखी मागणी. तळी व विहिरी बांधणे आणि दुरुस्त ठेवणे हे विषय महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या (मूळ १९५८ चा मुंबई अधिनियम) कलम ४५ खालील ग्रामसूचीत येतात, म्हणून अर्ज पंचायतीकडे जातो. कोकण किनाऱ्यावर हा अर्ज साधारणपणे एप्रिलमध्ये, म्हणजे तळ्याचा तळ दिसू लागल्यावर, दिला जातो. बहुतेक अर्ज त्यामुळेच त्या वर्षी वाया जातात.

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतो, तरी जांभ्याच्या जमिनीत तो टिकत नाही. कातळ उतारावरून वहाळात आणि वहाळातून खाडीत असा तो चार महिन्यांत निघून जातो. उरते ते तळी-विहिरींतले पाणी. गुरे, पावसाळ्यानंतरची वायंगणी भातशेती, भाजीपाला आणि माडाची लहान रोपे त्यावर उन्हाळा काढतात. तळे भरायला पाऊस कधीच कमी पडत नाही. प्रश्न असतो तो तळ्यात जागा किती शिल्लक आहे हा. वरच्या अंगाला डोंगर कापून कलमबाग किंवा रस्ता झाला की दोन-चार पावसांत लाल माती येऊन तळ्याचे तोंड भरू लागते. गणपती विसर्जन होणाऱ्या तळ्यांत मूर्तींचे प्लास्टर, लाकडी पाट आणि निर्माल्यही तळाशी बसते.

वेळ. अर्जाचे वेळापत्रक मृगापासून मागे मोजायचे असते. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. त्याआधी रोहिणीत, म्हणजे २५ मेच्या सुमारास, कोरड्या मातीतली धूळवाफ पेरणी सुरू होते आणि गावात माणूस व ट्रॅक्टर दोन्ही मिळत नाहीत. वळिवाची एखादी सर आली तर ओल्या चिखलात यंत्र रुतते. म्हणून काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होऊन २५ मेपूर्वी संपले पाहिजे.

पैशाचे वेळापत्रक मात्र वेगळे आहे. ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरपासून पुढचे दोन-तीन महिने गावात तयार होतो आणि पुढच्या १ एप्रिलपासून अमलात येतो. ऑक्टोबरमध्ये दिलेला अर्ज आराखड्यात बसला तर पुढच्या मे महिन्यातल्या कामाला पैसे असू शकतात. एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जाला “आराखड्यात नाही” हे उत्तर मिळते, आणि ते खोटे नसते. दोन्ही वेळापत्रके ऑक्टोबरात अर्ज देणाऱ्यालाच जुळतात. पण ऑक्टोबरात तळे काठोकाठ भरलेले असते आणि पाणी आटण्याची आठवण कुणालाच नको असते, ही खरी अडचण आहे. उपाय साधा आहे : मापे मे महिन्यात घेऊन ठेवावी आणि अर्ज ऑक्टोबरात द्यावा.

तळे कोणाचे. पहिला कागद सातबाराचा. तळे ग्रामपंचायतीकडे असेल किंवा गावाच्या सार्वजनिक वापराची पोटखराब जमीन म्हणून नोंदलेले असेल तर गोष्ट सोपी. कोकणात अनेक तळी देवस्थानाच्या नावे आहेत. तिथे देवस्थानाच्या विश्वस्तांची लेखी ना हरकत लागते. काही तळी खोती काळातली असतात आणि सातबाऱ्यावर सामाईकदारांची लांबलचक यादी असते, त्यातले निम्मे मुंबईत. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण सातबाऱ्यावरची ही नावे मिटली नाहीत. पाझर तलाव किंवा सिंचनासाठी बांधलेला लहान तलाव असेल तर तो बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतो, आणि पंचायत फक्त पुढे शिफारस करू शकते. मालकी न पाहता दिलेला अर्ज या ठिकाणीच महिनोन्‌महिने अडकतो. तळे खाडीकिनाऱ्याला लागून, किनारपट्टी नियमन क्षेत्रात असेल तर यंत्र लावण्यापूर्वी तहसील कार्यालयात विचारणे बरे.

किती गाळ. “तळे गाळाने भरले आहे” या वाक्यावर कुठलाही अभियंता अंदाजपत्रक करत नाही. आकडा हवा, आणि तो शेतकऱ्याला स्वतः काढता येतो. तळे आटत आले की बांबू किंवा पहार घेऊन तीन ओळींत नऊ ठिकाणी गाळात खुपसायची. मऊ गाळातून ती हाताच्या जोराने जाते. घट्ट चिकणमातीच्या थराशी अडते किंवा जांभ्यावर ठण्‌ वाजते. तिथपर्यंतची खोली मोजायची.

उदाहरणादाखल ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद तळे घेऊ. वहाळ जिथे आत येतो त्या बाजूला ९०, ८० आणि ७० सेंटिमीटर गाळ भरला, मध्ये ६०, ७०, ६०, आणि सांडव्याकडे ४०, ४०, ३०. सरासरी ६० सेंटिमीटर. हजार चौरस मीटरला ६०० घनमीटर होतात. कडा उतरत्या असल्याने पाचवा हिस्सा वजा केला की ४८० उरतात, म्हणजे सुमारे १७० ब्रास. ट्रॉलीत अदमासे एक ब्रास बसतो. दोन ट्रॅक्टरनी दिवसाला तीस खेपा केल्या तर सहा दिवसांचे काम आहे.

या गाळाच्या जागी ४ लाख ८० हजार लिटर पाणी साठेल. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी हवेत उडते असे धरले, तर एवढ्या पृष्ठभागावरून रोज पाच हजार लिटर जातात. साठ गुरांना तीन हजार लिटर लागतात. म्हणजे वाढलेले पाणी साठ दिवस पुरेल, पाझर धरला तर दीड महिना. मार्चच्या मध्यात आटणारे तळे मेपर्यंत पोहोचते. अर्जात एवढे एक वाक्य असले की मासिक सभेत त्यावर बोलायला काहीतरी असते.

गाळ जाणार कुठे. याचे उत्तर अर्जात नसेल तर गाळ काठावर पडतो आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर पुन्हा तळ्यात येतो. वरच्या ४८० घनमीटरचा पाच सेंटिमीटरचा थर दिला तर जवळपास एक हेक्टर जमीन झाकते. तेव्हा गाळ नेण्यास तयार असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांची नावे, गट क्रमांक आणि सह्या सोबत जोडाव्यात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचाही आधार हाच आहे : गाळ शेतकरी विनामूल्य नेतो. योजनेत फक्त गाळच काढता येतो, वाळू काढायला बंदी आहे. गाळाच्या नावाखाली मुरूम किंवा जांभा निघू लागला तर ते विनापरवाना गौण खनिज उत्खनन ठरते आणि महसूल खाते बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करू शकते.

ताजा गाळ लगेच भाताच्या कुणग्यात पसरू नये. तो थंड आणि गुदमरलेला असतो, काही दिवस उन्हात भेगाळू द्यावा. खाडीजवळच्या तळ्याचा गाळ आधी मृदा तपासणीला द्यावा. खारट निघाला तर तो भातातच काय, माडाच्या आळ्यातही नको.

खोलीची मर्यादा. गाळ काढणे वेगळे आणि तळे खोल करणे वेगळे. तळाशी वर्षानुवर्षे बसलेली चिकणमाती हेच तळ्याचे अस्तर असते. जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, आणि “आणखी फूटभर घेऊ” म्हणणारे काठावर नेहमी उभे असतात. अस्तर फुटून खालचा सच्छिद्र जांभा उघडा पडला की काठोकाठ भरलेले तळे दिवाळीनंतर झपाट्याने उतरते. खाडीलगत दुसरा धोका असतो : तळ भरतीच्या पातळीखाली गेला की खारे पाणी आत शिरते. शेजारच्या विहिरींचे पाणी मेमध्ये मचूळ होत असेल तर ती सूचना समजावी. म्हणून अर्जातच “मूळ तळापर्यंत, त्याखाली नाही” असे लिहावे, आणि खोदताना गाळाचा काळा रंग जाऊन पिवळसर घट्ट माती लागली की यंत्राची बादली थांबवावी. वहाळाच्या तोंडाशी दगडांचा ठेंगणा बांध आणि त्यामागे माती बसायला खड्डा घातला तर पुढच्या पावसातली भर निम्मी तिथेच अडते. तो खड्डा मात्र दरवर्षी उपसावा लागतो.

अर्जाचा नमुना. ओळी मोजक्याच असाव्यात :

> प्रति,
> मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी,
> ग्रामपंचायत ……, ता. ……, जि. ……
>
> विषय : गट क्र. …… मधील गावतळ्याचा गाळ पावसाळ्यापूर्वी काढून मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी वरील गावचा कायम रहिवासी व शेतकरी असून माझी जमीन तळ्याखाली गट क्र. …… मध्ये आहे. तळे ४० × २५ मीटर असून मे महिन्यात नऊ ठिकाणी मोजले असता सरासरी ६० सेंमी गाळ आढळला. तळे मार्चमध्ये आटते व साठ गुरांच्या पाण्याची गैरसोय होते. मूळ तळापर्यंतचा सुमारे ४८० घनमीटर गाळ १० ते २४ मे या काळात काढावा, काम पुढील वर्षाच्या आराखड्यात घ्यावे व हा अर्ज ग्रामसभेपुढे ठेवावा, ही विनंती. गाळ स्वखर्चाने नेण्यास तयार शेतकऱ्यांच्या सह्या, सातबारा व मापांचा तक्ता सोबत जोडला आहे.
>
> आपला विश्वासू,

अर्जानंतर. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. तोंडी “बघतो भाऊ” याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. मासिक सभेत किंवा ग्रामसभेत विषय आला की सूचक आणि अनुमोदक यांच्या नावानिशी ठराव होतो. नुसते “चर्चा झाली” एवढेच इतिवृत्तात आले असेल तर निधीची वाट त्यातून निघत नाही; काम, अंदाजे रक्कम आणि निधीचे शीर्षक ठरावात हवे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायच्या, निधीचा एक भाग पिण्याचे पाणी व पावसाच्या पाण्याच्या साठवणीसाठी राखलेला होता आणि अशी कामे त्यात बसवली जात. आराखड्यात काम नसेल तर ग्रामनिधी आणि लोकवर्गणी हे दोन मार्ग उरतात. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात, तेव्हा वर्गणीची बैठक त्याच दिवसांत लावतात. ठरावानंतर पंचायत समितीचा अभियंता मापे घेतो, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळते, आणि त्यानंतरच काम सुरू होते. पंचायतीने अर्ज नुसता फाइलला लावला तर आवक क्रमांकासह गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी दाद मागता येते.

काम चालू असताना अर्जदाराने तिथे हजर राहावे. ट्रॉल्यांच्या खेपा वहीत मांडाव्यात, कारण देयक घनमीटरवर निघते आणि पाऊस पडल्यावर तळ्यातला खड्डा मोजता येत नाही. तळ्याचा एक कोपरा पाण्यासकट राखून ठेवला तर मासे, कासवे आणि कमळाचे कंद तग धरतात. तो कोपरा पुढच्या वर्षी साफ करता येतो. शेवटच्या दिवशी सांडव्यातला कचरा आणि दगड काढून घ्यावेत. सांडवा तुंबलेला राहिला तर तळे भरल्यावर जास्तीचे पाणी बांधावरून वाहते, आणि मातीचा बांध तिथेच फुटतो.