रात्रीचं इंग्रजी आणि बी.एस्सी. नर्सिंग सीईटी: नोकरी करणाऱ्या आईने अर्ज कसा भरावा

उदाहरणासाठी एक आई धरू, तिचं नाव सविता. वय २९, मुलगी पहिलीत, साताऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात मावशी म्हणून कामाला. बारावी सायन्स झाली आणि लगेच लग्न झालं. आता तिला नर्स व्हायचंय. मुलगी झोपली की स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी ती इंग्रजीची वही उघडते.

पहिला प्रश्न पात्रतेचा. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि किमान ४५ टक्के लागतात, मागासवर्गीयांना ४०. सविताला तीन शास्त्र विषयांत ३०० पैकी १५६ आहेत, म्हणजे ५२ टक्के. इंग्रजीत ४६. ती बसू शकते. मधे गेलेल्या वर्षांची आडकाठी नाही, मात्र वयाची अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच पैसे भरावेत.

परीक्षा १०० गुणांची: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभिक्षमता, प्रत्येकी २०. इंग्रजीला २०च गुण म्हणून अनेकजणी तो विषय शेवटी ठेवतात. माझ्या मते तिथेच चुकतं, कारण शास्त्राचे प्रश्नही इंग्रजीतच वाचायचे असतात. सविताने सराव पेपर तपासला तेव्हा जीवशास्त्रातले काही प्रश्न उत्तर येत असूनही गेले होते. प्रश्नात ‘ऑल ऑफ द फॉलोइंग एक्सेप्ट’ होतं, म्हणजे न बसणारा पर्याय शोधायचा होता. तिने बसणारा पहिला पर्याय निवडला. तेव्हापासून ती प्रश्नातला ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’, ‘इनकरेक्ट’ आधी शोधते, मग पर्यायांकडे वळते.

व्याकरणात ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ तिला छळत होते. मराठीत ‘२०१९ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे ‘पासून’च येतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला तर ‘सिन्स’ आणि काळाची लांबी सांगितली तर ‘फॉर’. तिने वॉर्डातली वाक्यं घेतली: पेशंट सोमवारपासून दाखल आहे, पेशंटला तीन दिवसांपासून ताप आहे. रोज अशी पाच वाक्यं लिहून नियम बसला.

अर्ज cetcell.mahacet.org या संकेतस्थळावर भरायचा. इथे विवाहित स्त्रीची खरी अडचण नावाची. सविताच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्जात नाव गुणपत्रिकेप्रमाणे घालावं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ असावं. हे काम परीक्षेच्या आधीच उरकावं, कारण निकालानंतर कागदपत्रांना दिवस कमी मिळतात.

आरक्षणातही हाच गुंता. जातीचा दाखला माहेरच्या कागदांवरून निघतो आणि नॉन-क्रीमी लेयरसाठी आई-वडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याची कमाई नाही. सविता ओबीसी आहे, म्हणून तिला जात वैधता प्रमाणपत्रही लागेल. ते मिळायला वेळ लागतो. बाकी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार आणि फोटो.

निकालात पर्सेंटाइल येतो, टक्के नव्हेत. समजा हजारजणांनी परीक्षा दिली, सविताला ४७ गुण मिळाले आणि ६४० जणांना ४७ किंवा त्याहून कमी. तर तिचा पर्सेंटाइल ६४. नियमाने खुल्या गटाला ५० आणि राखीव गटांना ४० पर्सेंटाइल लागतो. ४७ गुण पाहून ती नापास झाली असं समजणारे घरातच भेटतात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. निकालानंतर कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते. कागदपत्रं पुन्हा अपलोड होतात, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो, आणि फेरीत नाव लागलं की दिलेल्या मुदतीत हजर राहावं लागतं. ही नोंदणी राहिली तर चांगला पर्सेंटाइलही वाया जातो. कॅपचा आणखी एक फायदा: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं तर ती मिळत नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी घरात एक बोलणं व्हायलाच हवं. कोर्स चार वर्षांचा, पूर्णवेळ, आणि थिअरी व प्रॅक्टिकलला प्रत्येकी किमान ८० टक्के हजेरी लागते. मावशीची ड्युटी सांभाळून तो होत नाही. म्हणून सविताने आधी घरापासून बसने जाता येतील अशी महाविद्यालयं लिहिली, वसतिगृहाची सगळ्यात शेवटी, आणि मुलीला शाळेतून कोण आणणार हे सासूबाईंशी ठरवून मगच फॉर्म लॉक केला.