विश्वास अंतराल : मौखिक स्पष्टीकरण

नमुना पाहणीतून काढलेल्या अंदाजाभोवती अनिश्चिततेची जी मर्यादा दिली जाते, तिला विश्वास अंतराल म्हणतात. सांख्यिकीचे शिक्षण नसलेल्या श्रोत्याला ते बोलून समजावणे कठीण जाते, कारण ऐकणाऱ्याला मागचे वाक्य पुन्हा वाचता येत नाही आणि संकल्पनेचा काटेकोर अर्थ ऐकताच मनात येणाऱ्या अर्थाहून वेगळा आहे.

या वेगळेपणाचे मूळ संकल्पनेच्या इतिहासात आहे. अंदाजासोबत मर्यादा सांगण्याची पद्धत लाप्लास यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळते. १९२७ मध्ये ई. बी. विल्सन यांनी प्रमाणासाठी दिलेली मर्यादा आजही वापरात आहे. मात्र आजच्या अर्थाने ही संकल्पना येर्झी नेमन यांची मानली जाते. तिचा वापर पोलंडमध्ये १९३० च्या सुमारास सुरू झाला असावा. १९३२ च्या एका पोलिश ग्रंथात ती आढळते आणि १९३४ मध्ये नेमन यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे ती मांडली. आर. ए. फिशर यांनी १९३० मध्येच याच्याशी मिळतीजुळती उपपत्ती दिली होती, आणि नेमन यांनीही प्रारंभी आपले काम तिचाच विस्तार मानले. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. फिशर यांच्या मते समोर असलेल्या एकाच अंतरालाविषयी संभाव्यतेचे विधान करता येते. नेमन यांच्या मते अंतरालासोबत सहसा सांगितला जाणारा ९५ टक्के हा आकडा अंतराल काढण्याच्या रीतीला लागू पडतो, एकट्या अंतरालाला नव्हे. नेमन यांची भूमिका अधिक सुसंगत ठरली असली, तरी श्रोत्याच्या मनात जवळजवळ नेहमी फिशर यांच्यासारखाच अर्थ उमटतो. हा घोटाळा केवळ सामान्य श्रोत्यांपुरता नाही. २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये मानसशास्त्राचे संशोधक आणि विद्यार्थी यांच्यापुढे अंतरालाविषयीची सहा चुकीची विधाने ठेवली असता, दोन्ही गटांनी सरासरीने त्यांतील तीनहून अधिक विधाने बरोबर मानली.

नेमन यांचा अर्थ बोलून सांगण्यासाठी जत्रेतील रिंग फेकण्याच्या खेळाचा दाखला उपयोगी पडतो. खुंटी, म्हणजे खरे मूल्य, जागची हलत नाही. प्रत्येक नव्या नमुन्याबरोबर रिंग मात्र निराळ्या जागी पडते, आणि शंभर फेकींपैकी सुमारे पंच्याण्णव वेळा ती खुंटीत अडकते. दाखल्याची मर्यादाही सांगावी लागते : खेळणाऱ्याला रिंग अडकली की नाही हे दिसते, पाहणी करणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

प्रत्यक्ष निवेदनात आकड्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. एखाद्या जिल्ह्यात यादृच्छिक रीतीने निवडलेल्या १,००० प्रौढांपैकी ५२० जण एका योजनेला अनुकूल आहेत, असे समजू. प्रमाण ५२ टक्के येते आणि ९५ टक्के विश्वासाची मर्यादा

१.९६ × √(०.५२ × ०.४८ ÷ १,०००) ≈ ०.०३१

म्हणजे दोन्ही बाजूंना शंभरात सुमारे तीन येते. ‘बावन्न टक्के, अधिक-उणे तीन टक्के’ असे म्हटले, की श्रोता बावन्न तेवढे लक्षात ठेवतो. शिवाय तीन टक्के म्हणजे बावन्नाचे तीन टक्के, असाही समज होऊ शकतो. त्याऐवजी असे म्हणणे बरे : ‘आम्ही हजार जणांना विचारले. साऱ्या जिल्ह्याला विचारले असते, तर शंभरातले एकोणपन्नास ते पंचावन्न जण अनुकूल निघाले असते, असा आमचा अंदाज आहे. त्यामुळे निम्म्याहून अधिक लोक अनुकूल आहेत, असे या पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही.’ शेवटचे वाक्य गाळले, की श्रोता बहुमताचा निष्कर्ष स्वतःच काढतो. दशांश बोलू नयेत. अंतरालातील सगळी मूल्ये सारख्याच वजनाची नाहीत, हेही जाता जाता सांगावे : पंचावन्नापेक्षा बावन्नाच्या आसपासची मूल्ये या नमुन्याशी अधिक जुळतात.

अनिश्चितता उघडपणे सांगितली तर विश्वास ढासळेल, ही भीती फारशी खरी ठरलेली नाही. केंब्रिज विद्यापीठातील व्हान डर ब्लेस व सहकारी यांच्या २०२० च्या प्रयोगांत आकड्यांची मर्यादा दिल्याने विश्वास थोडाच घटला. ‘हा आकडा काहीसा कमी-जास्त असू शकेल’ अशा मोघम शब्दांनी तो अधिक घटला. हे प्रयोग वाचलेल्या मजकुरावरचे होते, म्हणून बोलण्याला ते लावताना सावधगिरी बाळगावी लागते.

अंतरालात फक्त नमुना निवडीतील यदृच्छेचा हिशेब असतो. दिवसा घरी नसलेले मजूर पाहणीतून सुटले असतील किंवा प्रश्नाची भाषा एका उत्तराकडे झुकलेली असेल, तर खरे मूल्य एकोणपन्नास ते पंचावन्न यांच्या बाहेरही असू शकते, आणि नमुना चौपट केल्यास अंतराल निम्मे होते, पण हा दोष तसाच राहतो. म्हणून निवेदकाने ‘उत्तर न देणारे किती होते’ हे वेगळ्या वाक्यात सांगावे. श्रोत्याला नेमके काय समजले, हे त्याच्याच शब्दांत विचारल्याने कळते : तो ‘शंभरातल्या पंच्याण्णव लोकांचे मत यात आले’ असे म्हणाला, तर पंच्याण्णवचा आकडा बाजूला ठेवून केवळ दोन टोके आणि त्यांवरून निघणारा निष्कर्ष पुन्हा सांगावा.