ट्रायएक्सियल चाचणीचा अहवाल: कोहिजन आणि घर्षणकोनाचे आकडे परत का येतात

मातीच्या ट्रायएक्सियल चाचणीचा अहवाल तपासणीतून परत येतो तेव्हा त्यावर बहुतेक वेळा एकच शेरा असतो: "c व φ ग्राह्य नाहीत." कारण लिहिलेलं नसतं. मग लॅब तीच आकडेमोड पुन्हा करते, तेच आकडे निघतात आणि अहवाल पुन्हा परत येतो. तपासणाऱ्यांनी कारणाची एक ओळ लिहिली तर निम्मे हेलपाटे वाचतील. अशा अहवालांत चाचणी सहसा ठीक झालेली असते. वाचलेल्या आकड्यांतून कोहिजन c आणि घर्षणकोन φ काढताना तीन-चार ठरावीक जागी घोळ होतो. या माहितीत सर्वांत जास्त परत येणारा प्रकार घेतला आहे: संपृक्त चिकणमाती, आधी कन्सॉलिडेट करून मग पाणी बाहेर न सोडता केलेली आणि पोअर प्रेशर मोजलेली चाचणी, म्हणजे सीयू.

कोणता नमुना पात्र

किमान तीन तुकडे हवेत, आणि ते एकाच थरातले, शक्यतो एकाच खोलीचे. मोठ्या व्यासाच्या ट्यूबमधून एकाच पातळीवर 38 मिमीचे तीन तुकडे निघतात, ते उत्तम. वेगवेगळ्या खोलीचे तुकडे एकत्र केले की रेषा कितीही सरळ आली तरी ती कोणत्याच मातीची नसते.

चाचणीचा प्रकारही पाहा. पूर्ण संपृक्त मातीवर यूयू, म्हणजे कन्सॉलिडेट न करता आणि पाणी बाहेर न सोडता केलेली चाचणी केली तर सेल प्रेशर काहीही असो, तिन्ही मोर वर्तुळं साधारण एकाच आकाराची येतात. तिथे φ शून्य आणि वर्तुळाची त्रिज्या म्हणजे अनड्रेन्ड ताकद. अशा चाचणीत φ सात-आठ अंश दिसला तर तो मातीचा गुण धरू नका. तुकड्यात हवा राहिली असेल किंवा तुकडे एकसारखे नसतील. उतार किंवा बांधाच्या दीर्घकालीन स्थैर्यासाठी हे आकडे चालत नाहीत.

संपृक्ततेचा पुरावा म्हणजे B मूल्य. पाण्याची वाट बंद ठेवून सेल प्रेशर 50 kPa ने वाढवलं आणि पोअर प्रेशर 48 ने वाढलं, तर B 0.96. साधारणपणे 0.95 किंवा जास्त मागतात. B कमी असताना शिअर सुरू केलं तर पुढचं प्रत्येक पोअर प्रेशर कमी नोंदलं जातं, आणि ते नंतर दुरुस्त करता येत नाही.

जो कागद कोणाकडेच नसतो

गोषवाऱ्याचा तक्ता सगळे जोडतात. हवी असते प्रत्येक तुकड्याची पूर्ण वाचन-पत्रिका: विकृती, भार आणि पोअर प्रेशर एकाच ओळीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सोबत संपृक्ततेसाठी तुकड्यातल्या पाण्याला दिलेलं बॅक प्रेशर, B ची नोंद आणि कन्सॉलिडेशननंतरचं क्षेत्रफळ. लॅब ही पत्रिका फाइलला ठेवते आणि अहवालात फक्त शेवटचे आकडे देते. नमुना पाठवतानाच ती लेखी मागून घ्या. सहा महिन्यांनी मागितली की ती सापडत नाही, आणि तिच्याशिवाय पुढचं काहीच तपासता येत नाही.

पहिली अडचण: कोणत्या ओळीतलं पोअर प्रेशर

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. तिन्ही तुकड्यांना 200 kPa बॅक प्रेशर दिलं आणि सेल प्रेशर 300, 400 व 600 ठेवलं. म्हणजे कन्सॉलिडेशनचं प्रभावी प्रेशर 100, 200 आणि 400.

पहिला तुकडा 8 टक्के विकृतीला कमाल डेव्हिएटर स्ट्रेसला, म्हणजे सेल प्रेशरच्या वरच्या उभ्या ताणाच्या कमाल मूल्याला पोचला. तेव्हा भार 172.5 न्यूटन होता आणि कन्सॉलिडेशननंतरचं क्षेत्रफळ 1110 चौ. मिमी. दाबला जाताना तुकडा जाड होतो, म्हणून क्षेत्रफळ 0.92 ने भागून 1206 घ्यायचं. स्ट्रेस निघतो 143 kPa. जुनंच क्षेत्रफळ वापरलं तर 155 येतो. 15 टक्के विकृतीला अशी फुगवणूक जवळजवळ 18 टक्क्यांवर जाते.

आता पोअर प्रेशर. या तुकड्यात बॅक प्रेशरच्या वर ते 4 टक्के विकृतीला 44 पर्यंत चढलं, मग माती फुगू पाहू लागल्याने उतरत 8 टक्क्यांना 38 झालं. घ्यायचं 38, कारण डेव्हिएटर स्ट्रेस त्याच ओळीतला आहे. अनेकजण रकान्यातलं सर्वांत मोठं मूल्य उचलतात. 6 kPa चा फरक किरकोळ वाटतो, पण खाली दाखवलेली सगळी आकडेमोड 44 धरून केली तर कोहिजन 10 ऐवजी 13.5 निघतं आणि कोन अर्ध्या अंशाहून थोडा जास्त घसरतो. परत आलेल्या अहवालात मी आधी हीच ओळ तपासतो.

फेल्युअर कुठे धरलं, कमाल डेव्हिएटर स्ट्रेसला की कमाल σ1′/σ3′ गुणोत्तराला, तेही अहवालात लिहा आणि तिन्ही तुकड्यांना तोच निकष लावा.

| तुकडा | डेव्हिएटर स्ट्रेस | वाढलेलं पोअर प्रेशर | σ3′ | s′ | t |
|---|---|---|---|---|---|
| 1 | 143 | 38 | 62 | 133.5 | 71.5 |
| 2 | 224 | 92 | 108 | 220 | 112 |
| 3 | 377 | 206 | 194 | 382.5 | 188.5 |

सगळे आकडे kPa मध्ये आहेत. t म्हणजे डेव्हिएटर स्ट्रेसचा अर्धा भाग, वर्तुळाची त्रिज्या. s′ म्हणजे σ3′ अधिक t, वर्तुळाचं केंद्र.

दुसरी अडचण: आलेखाचा उतार म्हणजे घर्षणकोन नव्हे

तीन वर्तुळांना हाताने स्पर्शरेषा काढली की दोन माणसांच्या दोन रेषा येतात. त्यापेक्षा s′ आणि t चे तीन बिंदू मांडून त्यांतून रेषा बसवलेली बरी. इथे उतार 0.470 आणि t अक्षावरचा छेद 8.7 kPa येतो. इथवर सगळे बरोबर पोचतात. पुढे बरेच जण 0.470 चा व्यस्त टॅन्जंट घेऊन 25.2 अंश लिहितात आणि 8.7 ला कोहिजन म्हणतात. ही रेषा वर्तुळांच्या माथ्यांतून जाते. स्पर्शरेषा वेगळी असते, म्हणून रूपांतर करावंच लागतं:

```
sin φ′ = 0.470        → φ′ = 28.0°
c′ = 8.7 / cos 28.0°  → c′ ≈ 10 kPa
```

या चुकीत ताकद कमी दाखवली जाते, त्यामुळे ती धोक्याची वाटत नाही आणि वर्षानुवर्षं तशीच चालते. पण तपासणारा रूपांतर करून पाहतो, आकडे जुळत नाहीत, आणि अहवाल परत जातो.

तिसरी अडचण: टोटल आणि इफेक्टिव्हची सरमिसळ

अनेक छापील नमुन्यांत c आणि φ असे दोनच चौकोन असतात. टोटल की इफेक्टिव्ह, ते लिहायला जागाच नसते. असा नमुना तयार करणाऱ्यांनीच निम्मा गोंधळ घातला आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

पोअर प्रेशर वजा न करता, म्हणजे σ3 ला 100, 200, 400 धरून, तेच तीन तुकडे मांडले तर रेषेतून c 25 kPa आणि φ 16.3 अंश येतात. वर्तुळांची त्रिज्या तीच राहते, फक्त प्रत्येक वर्तुळ आपापल्या पोअर प्रेशरइतकं उजवीकडे सरकतं. ही जोडी टोटल स्ट्रेसची. घात होतो तो दोन जोड्यांतून एकेक आकडा उचलल्याने: c 25 आणि φ 28. प्रभावी नॉर्मल स्ट्रेस 100 kPa असेल तर खरी ताकद 10 अधिक 53, म्हणजे 63. सरमिसळीतून 78 येते. कागदावर 24 टक्के ताकद वाढली, जमिनीत काहीच वाढलं नाही. जोडी कधीही फोडू नका.

याच ठिकाणी आणखी एक चूक होते, पण ती लगेच पकडता येते. कोणी बॅक प्रेशर वजा करायचंच विसरून σ3 म्हणून 300, 400, 600 धरले तर छेद उणे 32 येतो. मातीला उणे कोहिजन नसतं. असा छेद दिसला की "प्रायोगिक त्रुटी" म्हणून शून्य लिहून मोकळे होऊ नका, बॅक प्रेशरची नोंद काढून पाहा.

c′ = 10 वर तपासणारा प्रश्न विचारतो तेव्हा

प्रश्न रास्त आहे. नॉर्मली कन्सॉलिडेटेड चिकणमातीचं c′ जवळजवळ शून्य असतं, मग हे 10 आले कुठून? उत्तर तक्त्यातच आहे. फेल्युअरच्या वेळचं वाढलेलं पोअर प्रेशर भागिले डेव्हिएटर स्ट्रेस काढा: पहिल्याला 0.27, दुसऱ्याला 0.41, तिसऱ्याला 0.55. पहिल्या तुकड्यात पोअर प्रेशर तुलनेने कमी वाढलं. ते चढून पुन्हा उतरलं, हेही आपण पाहिलं. म्हणजे त्या तुकड्याने पूर्वी 100 kPa पेक्षा जास्त प्रेशर सोसलेलं असण्याची शक्यता मोठी. तिसऱ्याला 400 देऊन बहुधा आपण ती मर्यादा ओलांडली. या मातीचं c′ त्या जुन्या प्रेशरच्या खुणेतून आलेलं आहे. ओडोमीटरच्या निकालातून प्रीकन्सॉलिडेशन प्रेशर मिळत असेल तर ते जोडा, हा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. आपले तुकडे 62 ते 194 kPa या प्रभावी σ3′ वर फेल झाले. c′ मिळालं ते रेषा मागे शून्यापर्यंत ताणून, जिथे एकही चाचणी झालेली नाही. कमी प्रेशरला खरी रेषा बहुधा खाली वाकते. खोलवरच्या घसरणीसाठी आकडे ठीक आहेत. दीड-दोन मीटरवरच्या उथळ घसरणीला मात्र प्रभावी प्रेशर फारच कमी असतं आणि तिथे जवळजवळ सगळी भिस्त त्या 10 kPa वर पडते.

म्हणून दोन चौकोनांच्या नमुन्यातही शेऱ्याच्या जागी पूर्ण ओळ लिहा: "c′ 10 kPa, φ′ 28°, इफेक्टिव्ह स्ट्रेस, सीयू चाचणी, फेल्युअर कमाल डेव्हिएटर स्ट्रेसला, σ3′ 62 ते 194 kPa या पट्ट्यासाठी." घसरण उथळ असण्याची शक्यता असेल तर अहवाल देण्याआधीच 25 kPa च्या आसपास कन्सॉलिडेट केलेला चौथा तुकडा लॅबकडून करून घ्या. तो आधीच्या रेषेच्या खाली पडला तर उथळ भागासाठी c′ कमी धरा, आणि तसं का केलं तेही त्याच शेऱ्यात नोंदवा.